‘तुमचं स्टोरेज भरलं आहे’ असा मेसेज आला, तर आधी काय पाहायचं

मावशीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. “अगं, माझे सगळे फोटो उद्या पुसून टाकणार आहेत म्हणे.” तिला ईमेल आला होता. वर गूगलचं नाव, मध्यभागी शेवटपर्यंत भरलेली लाल पट्टी, आणि मजकूर असा: तुमच्या ५० जीबीपैकी ४९.८ जीबी वापरून झाली आहे, २४ तासांत खात्याची पडताळणी केली नाही तर फोटो आणि मेल कायमचे काढून टाकले जातील. खाली निळं बटण. तिने ते दाबलं होतं. पासवर्ड मागितल्यावर मात्र तिचा हात थांबला आणि तिने मला फोन लावला. तो थांबलेला हात फार मोलाचा होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी तो मेल ज्या क्रमाने तपासला, तोच क्रम इथे देते.

पायरी पहिली: मेसेज बाजूला ठेवा, आकडा स्वतः बघा

या फसवणुकीतली एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. “स्टोरेज भरलं” हा दावा खरा की खोटा, हे मेसेजला हात न लावता अर्ध्या मिनिटात कळतं. मेसेजमधली लिंक सोडून द्या आणि आपल्या नेहमीच्या वाटेने आत जा. गूगल खात्यासाठी ब्राउझरमध्ये one.google.com/storage असं स्वतः टाइप करा. आयफोनवर Settings उघडा, सगळ्यात वरच्या आपल्या नावावर टॅप करा आणि iCloud मध्ये जा. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर आउटलुक मेल आणि वनड्राइव्ह यांचे आकडे वेगवेगळे असतात, म्हणून दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये बघा.

मावशीच्या खात्यात १५ जीबीपैकी साधारण ६ जीबी वापरलेली निघाली. तिने कधी जास्तीची जागा विकत घेतलेली नाही. गूगलच्या मोफत खात्याला जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीच मिळते, मग तिच्याकडे ५० जीबी आली कुठून? असे मेसेज एकाच साच्यातून असंख्य लोकांना जातात. आपला खरा आकडा त्या लोकांना माहीत नसतो, म्हणून कुणालाही खपेल असा एक आकडा ते टाकून देतात. मोफत आयक्लाउडला ५ जीबी मिळते. आपली मर्यादा किती हे एकदा लक्षात राहिलं की असे निम्मे मेसेज तिथेच पकडले जातात.

पण समजा, आकडा बघितला आणि जागा खरोखरच संपत आली आहे. मला जास्त काळजी या लोकांची वाटते, कारण त्यांना मेसेज खरा वाटतो आणि ते थेट बटण दाबतात. तुमची जागा भरलेली असणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. तेवढ्याने मेसेज खरा ठरत नाही. जागा वाढवायची असो की जुन्या फाइली काढायच्या असोत, ते काम त्याच सेटिंग्जमध्ये बसून करा. मेसेजमधल्या बटणाची गरज कुठेच पडत नाही.

पायरी दुसरी: धमकी तपासा

जागा संपल्यावर खरं काय होतं, हे माहीत असलं की भीती बरीच उतरते. गूगलमध्ये जागा संपली की नवे फोटो चढत नाहीत, ड्राइव्हमध्ये नव्या फाइली जात नाहीत आणि मेल जाणं-येणं थांबतं. जुना डेटा मात्र जागेवर राहतो. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ मर्यादेच्या वर राहिलात, तरच तो काढला जाऊ शकतो. आयक्लाउड भरलं की बॅकअप थांबतो आणि नवे फोटो वर जात नाहीत. २४ तासांत सगळं पुसण्याची मुदत यातलं कुणीही देत नाही.

याचाच दुसरा नमुना ऑफिसच्या मेलवर येतो: “तुमचे १४ मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी लॉगिन करा.” भरलेल्या मेलबॉक्सकडे येणारा मेल एकतर पाठवणाऱ्याकडे परत जातो, नाहीतर पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो काही काळ पुन्हापुन्हा पाठवून बघतो. जागेअभावी अडकलेला मेल पासवर्ड देऊन सोडवून आणायची सोय नसते. शंका आली तर आयटी विभागाला विचारा, पण तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. त्याच मेलखाली छापलेला नंबर वापरू नका.

पायरी तिसरी: पत्ता उजवीकडून वाचा

मेल पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते कुणीही हवं तसं लिहू शकतं. नावावर टॅप केलं की खरा पत्ता दिसतो. तो भलताच असेल तर मेल खोटा, यात वाद नाही. उलट मात्र लागू होत नाही: पत्ता बरोबर दिसला म्हणून मेल खरा, असं समजू नका, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट घालता येतो. एसएमएसचं तसंच आहे. बनावट नावाने पाठवलेला मेसेज कधीकधी त्या कंपनीच्या जुन्या, खऱ्या मेसेजच्याच रांगेत येऊन बसतो.

म्हणून लिंक कुठे नेते ते बघायचं. कॉम्प्युटरवर बटणावर माउस नुसता नेऊन ठेवा, फोनवर लिंक दाबून धरा, पत्ता दिसतो. मावशी तर पानापर्यंत पोचलीच होती, म्हणून मी तिला वरच्या पट्टीतला पत्ता वाचायला सांगितला. तो या धर्तीचा होता (नावं मी बदलली आहेत):

```
https://google.com.storage-renew.example/login#tiche-naav@mail.example
```

“गूगल डॉट कॉम लिहिलंय की गं,” मावशी म्हणाली. फसवणारे इथेच जिंकतात, कारण आपण डावीकडून वाचतो. https:// च्या पुढे, पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि तो उजवीकडून वाचा. रेघेच्या लगत डावीकडे असलेले शेवटचे दोन तुकडे म्हणजे मालकाचं नाव. इथे ते storage-renew.example आहे. त्याच्या आधीचं google.com म्हणजे दुसऱ्याच्या घरावर लावलेली पाटी. co.uk सारखा शेवट असेल तर तीन तुकडे घ्यायचे, एवढाच फरक. आणि पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी @ दिसलं, तर त्याच्या डावीकडचं सगळं सोडून द्या. ब्राउझर तुम्हाला @ च्या पुढच्या जागी नेतो.

मावशीच्या पत्त्यात # नंतर तिचाच ईमेल होता. पानावर तिचा पत्ता आधीच भरलेला दिसत होता, त्याचं कारण हे. “ह्यांना माझा पत्ता माहीत आहे, म्हणजे खरेच असतील,” असं तिला वाटलं होतं. तो पत्ता लिंकमधूनच पानावर आला होता.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे जातं ते वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. साइट चोराची असली तरी कुलूप दिसतं. पत्ता खरोखर गूगलचा असूनही फसवणूक होऊ शकते, कारण docs.google.com वर कुणीही फॉर्म बनवू शकतं. अशा फॉर्ममध्ये पासवर्ड मागितला असेल तर तिथेच थांबा.

पायरी चौथी: पासवर्ड मॅनेजर काय करतो ते बघा

फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असेल, तर खऱ्या लॉगिन पानावर तो आपोआप पुढे येतो. पासवर्ड मॅनेजर लोगो बघत नाही, फक्त पत्ता जुळवतो. नेहमी येणारा पासवर्ड आज आला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता पुन्हा वाचा. माझ्या मते साध्या वापरणाऱ्यासाठी याच्याइतकी सोपी आणि भरवशाची खूण दुसरी नाही.

एक चुकीची युक्ती मात्र बरेच जण सांगतात: आधी मुद्दाम खोटा पासवर्ड टाका, तो स्वीकारला गेला तर पान बनावट. हे करू नका. काही बनावट पानं तुम्ही टाकलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरून बघतात, त्यामुळे खोटा पासवर्ड तिथेही “चुकीचा” ठरतो आणि तुमचा विश्वास बसतो. दुसरी पानं खरा पासवर्डसुद्धा पहिल्यांदा चुकीचा म्हणतात, तुमच्याकडून तो दुसऱ्यांदा टाइप करून घेतात आणि मग खऱ्या साइटवर सोडून देतात, म्हणजे काही घडलं असं वाटतच नाही. ओटीपीचंही तेच: तुम्ही बनावट पानावर लिहिलेला ओटीपी चोर लगेच खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय, मात्र अशी हिसकावता येत नाही, कारण ती खऱ्या पत्त्यावरच चालते.

पासवर्ड देऊन बसला असाल तर

नुसतं बटण दाबून मावशीसारखं थांबला असाल, तर पान बंद करा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पासवर्ड दिला असेल तर उशीर करू नका. स्वतः टाइप केलेल्या पत्त्यावरून खात्यात जा आणि पासवर्ड बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. मग myaccount.google.com/security वर जाऊन अनोळखी उपकरणं साइन आउट करा आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर व ईमेल तुमचाच आहे ना, ते बघा. आत जाताच येत नसेल तर गूगलसाठी g.co/recover, ॲपलसाठी iforgot.apple.com. पानाने “थोड्या पैशांत जास्त जागा” म्हणून कार्डाचे आकडे घेतले असतील, तर पहिला फोन बँकेला करून कार्ड बंद करा.

पुढची गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने अशाच मेलनंतर पासवर्ड लगेच बदलला आणि ती निश्चिंत झाली. तीन आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की बिलांचे मेल तिला मिळतच नाहीत. आत शिरलेल्याने एक फिल्टर लावून ठेवला होता: विषयात “invoice” असेल तो मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथून काढून टाक. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो. जीमेलमध्ये ही सेटिंग्ज कॉम्प्युटरवरच उघडा: Settings मध्ये See all settings, मग Filters and Blocked Addresses आणि Forwarding and POP/IMAP हे दोन्ही भाग. तुम्ही न लावलेलं जे काही दिसेल ते काढा.

शेवटी मूळ मेल नुसता डिलीट करू नका. जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांत Report phishing आहे, ते दाबा. ॲपलच्या नावाने आलेला मेल reportphishing@apple.com वर पुढे पाठवता येतो. मावशीने तिचा मेल असा कळवला, आणि मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या फोटोंचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर घेतला.