अनुवादकाचा रेझ्युमे: जाहिरात शेजारी ठेवून तपासा

समजा एजन्सीला इंग्रजी-मराठी अनुवादक हवा आहे: विषय क्लिनिकल ट्रायलची संमतिपत्रे, सॉफ्टवेअर ट्राडॉस, सोबत अनुवादाचा नमुना. तुमच्या रेझ्युमेत ‘वैद्यकीय, कायदा, पर्यटन, साहित्य’ अशी माळ असेल, तर निवडणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. वैद्यकीय काम वर घ्या आणि ते नेमके काय होते ते लिहा: संमतिपत्रे, रुग्णांसाठीची माहितीपत्रके, अंदाजे किती शब्द. बाकीचे विषय एका ओळीत पुरतात.

‘ट्राडॉस येते’ एवढ्यानेही भागत नाही. आवृत्ती लिहा, आणि ट्रान्सलेशन मेमरी व टर्मबेस स्वतः हाताळता की फक्त आलेली फाइल भरून देता, हेही सांगा. फक्त मेमोक्यू वापरले असेल तर तेच लिहा. चाचणीची फाइल उघडली की खरे-खोटे लगेच दिसते.

खरी पारख नमुन्यात होते. संमतिपत्र रुग्ण वाचतो. ‘सहभागी कोणत्याही क्षणी अभ्यासातून माघार घेण्यास मुक्त आहे’ हे चूक नाही, पण इंग्रजीच्या सावलीतले आहे. ‘तुम्ही केव्हाही या अभ्यासातून बाहेर पडू शकता’ हे रुग्णाला पहिल्या वाचनात समजते. एकच संज्ञा एका परिच्छेदात ‘दुष्परिणाम’ आणि पुढच्यात ‘साइड इफेक्ट’ झाली आहे का, तेही पाहा. मूळ मजकूर मात्र सार्वजनिक निवडा. जुन्या ग्राहकाचे गोपनीय कागद नमुना म्हणून पाठवलेत, तर उद्या आमचेही असेच पाठवाल, असे एजन्सीला वाटणारच.