लेझर हेअर रिडक्शनचं मशीन: विकत, लीजवर की वापराप्रमाणे पैसे? या चुका टाळा

क्लिनिकसाठी हेअर रिडक्शनचं मशीन घ्यायचं ठरलं की चर्चा हप्त्यापासून सुरू होते. महिन्याला किती भरायचे आणि तेवढे पेशंट येतील का, एवढंच पाहिलं जातं. डायोड लेझरमध्ये मात्र मोठा खर्च हँडपीसचा असतो. प्रकाश निर्माण करणारे डायोड बहुतेक मशीनमध्ये हँडपीसमध्येच बसवलेले असतात आणि ठरावीक शॉटनंतर त्यांची ताकद उतरते. म्हणून हा निर्णय शॉट मोजून घ्यायला हवा.

पेशंट मोजले, शॉट मोजलेच नाहीत

एका काखेचा भाग साधारण १०० चौरस सेंटिमीटर धरू. हँडपीसचं टोक १२ बाय १२ मिलिमीटरचं असेल, तर एका शॉटमध्ये १.४४ चौरस सेंटिमीटर जागा होते. टोक उचलून-ठेवून काम केलं, कडा थोड्या एकमेकींवर येऊ दिल्या, तर एका काखेला ८०च्या आसपास शॉट लागतात, दोन्हींना १६०. आता हीच काख हँडपीस सतत फिरवत, सेकंदाला १० शॉटच्या वेगाने, एकेक मिनिट केली तर दोन्ही मिळून १२०० शॉट होतात. पेशंट तोच, फी तीच, शॉट मात्र साडेसात पट.

वापराप्रमाणे पैशांच्या करारात दर शॉटवर असेल, तर हा फरक थेट तुमच्या खिशातून जातो. चाचणीचे शॉट आणि चुकून झालेले शॉटही मीटरवर चढतात. त्यामुळे दर शक्यतो सेशनवर किंवा शरीराच्या भागावर ठरवून घ्या. दर महिन्याला किमान किती वापराचे पैसे भरावेच लागतील, ते कलम तर सहीआधी दोनदा वाचा. किमान आकडा मोठा असेल तर नावाला वापराप्रमाणे, प्रत्यक्षात ते भाडंच असतं.

हँडपीस हिशेबात धरला नाही

समजा, मशीनची किंमत १०० भाग आहे. पहिलं वर्ष वॉरंटीचं, पुढची चार वर्षं देखभाल करार दरवर्षी ८ भाग, आणि नवा हँडपीस ३० भाग. पाच वर्षांत १६२ भाग, म्हणजे महिन्याला २.७ भाग. वापराप्रमाणे एका सेशनला ०.०४५ भाग द्यावे लागत असतील, तर महिन्याला ६० सेशनवर दोन्ही खर्च सारखे होतात. त्याखाली वापराप्रमाणे पैसे परवडतात, त्यावर मशीन. कर्जाचं व्याज धरलं की ही रेषा आणखी वर सरकते.

यात हँडपीस एकदाच बदलला आहे. तो ६० लाख शॉटचा असेल आणि सरासरी सेशन ३००० शॉटचं, तर ६० सेशनला महिन्याला १ लाख ८० हजार शॉट होतात आणि हँडपीस तेहतिसाव्या महिन्याच्या सुमारास संपतो. सेशन दुप्पट झाली की तो सतरा महिन्यांतच बदलावा लागतो. लीज घेताना म्हणूनच पहिला प्रश्न हाच विचारा: मुदतीत हँडपीस संपला तर नवा कोण देणार? मुदतीअखेर मशीन कोणाचं, आणि मध्येच लीज सोडलं तर काय भरायचं, हे त्यानंतर.

पहिल्या तीन महिन्यांची गर्दी गृहीत धरली

ही चूक मला सगळ्यात महागडी वाटते. एका भागाला सहसा सहा ते आठ सेशन लागतात, चेहऱ्याला साधारण चार-सहा आठवड्यांच्या आणि शरीराला त्याहून लांब अंतराने. सुरुवातीला आलेले पेशंट वर्षभर परत येत राहतात, वही भरलेली दिसते. मग ते कोर्स संपवतात आणि फक्त अधूनमधून येतात. मशीन विकत घेण्याचा निर्णय नवे पेशंट किती सुरू होतात यावर घ्या, वहीत किती सेशन आहेत यावर नको.

उलट बाजूही पाहा. पॅकेजचे पैसे आधीच घेतले असतील आणि मशीन वापराप्रमाणे असेल, तर आज आलेल्या रकमेतली बरीचशी पुढच्या सेशनांची आहे. ती बाजूला ठेवली नाही, तर सहाव्या सेशनचा खर्च भागवायला नवीन पॅकेज विकावं लागतं. शिवाय पुरवठादार मशीन ठरावीक दिवशीच आणत असेल, तर पेशंटची तारीख त्याच्या गाडीवर अवलंबून राहते.

जुन्या हँडपीसची लक्षणं ओळखली नाहीत

वापराप्रमाणे किंवा जुनं मशीन घेताना स्क्रीनवरचा आकडा पुरेसा नाही, कारण काही मशीनमध्ये तो एकूण मशीनचा असतो, हँडपीसचा नव्हे. दोन्ही आकडे लेखी मागा. स्क्रीनवर दिसणारी ऊर्जा खरोखर बाहेर पडते का, हे एनर्जी मीटरने तपासून घ्या.

काम करतानाही कळतं. सेशननंतर एक ते तीन आठवड्यांत केस गळायला हवेत. एकाच पेशंटचे गळत नसतील तर केसांचा पोत, हॉर्मोन्स, सेटिंग पाहा. सगळ्यांचेच एकदम कमी गळू लागले आणि तीच सूज, तोच लालसरपणा यायला ऊर्जा वाढवत न्यावी लागत असेल, तर संशय हँडपीसवर घ्या. अशा वेळी ऊर्जा आणखी चढवू नका. मशीन स्वतःचं असो की भाड्याचं, आधी मोजणी करून घ्या. मध्येच नवा हँडपीस बसला आणि सेटिंग जुनंच राहिलं, तर त्वचा भाजू शकते.