वाटीचे ग्रॅम करा, मग प्रोटीन मोजा

प्रोटीन-कार्ब-फॅट म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. घोडं अडतं ते वाटीपाशी. एका घरची वाटी 120 मिलीची, दुसऱ्या घरची 200 ची. म्हणून रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि रोज वाढता तितकंच पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली. ग्लासाचंही तसंच. दूध-ताकाला हे माप जवळपास तसंच लागू होतं. 200 मिली दूध साधारण 206 ग्रॅम भरतं. पोहे, कणीक, दाणे मात्र त्याच वाटीत वेगवेगळे तोलावे लागतात.

इथवर सोपं आहे. खरी गोची वरणाची.

पोषणतक्त्यात तूरडाळीपुढे 100 ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रोटीन दिसतं. ते कोरड्या, कच्च्या डाळीचं. तुमच्या वाटीत 150 ग्रॅम वरण आहे आणि तुम्ही तोच आकडा लावलात, तर उत्तर येतं 33 ग्रॅम. एका वाटीत! पाण्यालाही प्रोटीन धरलं गेलं, म्हणून हे झालं. शिजल्यावर डाळीचं वजन किती पट होईल हे तुमच्या घरच्या पाण्यावर ठरतं, त्यामुळे 'एक वाटी डाळ म्हणजे इतकं प्रोटीन' असे फिरणारे तयार तक्ते मला बिनकामाचे वाटतात, मग ते जिमच्या सरांनी दिलेले का असेनात.

त्यापेक्षा असं करा. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच टिपून ठेवा. 100 ग्रॅम कोरडी डाळ शिजवा, फोडणी-पाणी सगळं झाल्यावर पातेल्यासकट तोला (गरम भांडं थेट काट्यावर नको, खाली लाकडी पाट ठेवून शून्य करा) आणि पातेल्याचं वजन वजा करा. समजा, वरण 600 ग्रॅम भरलं. तुमची 150 ग्रॅमची वाटी म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, म्हणजेच 25 ग्रॅम कोरडी डाळ आणि साडेपाच ग्रॅम प्रोटीन. मघाचे 33 आठवा. तोलल्यावर उकळून आटलं किंवा पाणी घातलं, तर पुन्हा तोला. वाढण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर वरच्याला पाणी आणि खालच्याला डाळ.

भाताचंही गणित हेच. एकदा बसलं की रोज तोलावं लागत नाही; पाण्याचं प्रमाण तेच असेल तर जुना आकडा चालतो.

चमच्याकडे मात्र दुर्लक्ष नको. 5 मिलीचा सपाट चमचा तेल साडेचार ग्रॅम, म्हणजे चाळीसेक कॅलरी. 15 मिलीचा मोठा चमचा त्याच्या तिप्पट. घरातला चमचा यातला कुठला, हे नुसतं बघून सांगता येत नाही. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा एका चमच्याला नीट पकडत नाही, तेव्हा दहा चमचे वाटीत ओतून तोला आणि दहाने भागा. फोडणी थेट बाटलीतून घालत असाल, तर बाटली आधी आणि नंतर तोला. फरक पडेल तेवढं तेल कढईत गेलं.