कोलॅबचा बॉक्स काढताय? आधी ‘खर्च’ कशाला म्हणायचं ते ठरवा

माझा छोटा ब्रँड वह्या-प्लॅनरचा आहे, आणि पहिली कोलॅब केली ती सुगंधी मेणबत्त्या बनवणाऱ्या एका तशाच छोट्या ब्रँडसोबत. एक वही, एक मेणबत्ती, एक छान बॉक्स, वर दोघांचे लोगो. 300 बॉक्स काढले. ठरलं एवढंच की खर्च निम्मा-निम्मा आणि नफा निम्मा-निम्मा. हे वाक्य इतकं सरळ वाटतं ना की पुढे काही विचारावंसंच वाटत नाही, आणि मी तिथेच अडकले.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बॉक्सची विक्री किंमत 100 धरा. माझी वही बनवायला 14 लागतात, मेणबत्ती बनवायला 22, आणि बॉक्स, छपाई, जाहिरात, कुरिअर, पेमेंटची फी असं सगळं मिळून 34. म्हणजे एकूण 70, राहिले 30, दोघांना 15-15. माझ्या डोक्यात हेच होतं. हिशोबाची शीट आली तेव्हा त्यात वही 14 ला होती (कारण मी तेच कळवलं होतं) आणि मेणबत्ती 34 ला! विचारलं तर पार्टनर म्हणाला, अगं मी दुकानदाराला याच भावाने देतो, तुला वेगळा भाव कसा लावू. आता बघा काय झालं ते, कागदावर खर्च 82 झाला, नफा उरला 18, दोघांना 9-9. पण त्याचे 12 तर मेणबत्तीच्या भावातच आधी निघाले होते, म्हणजे त्याला पडले 21 आणि मला 9. आणि निम्मं-निम्मं तर झालंच होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही.

मला खूप दिवस वाटायचं की त्याने फसवलं. आता तसं वाटत नाही, त्याचं म्हणणंही चूक नव्हतं, ती मेणबत्ती त्याने बॉक्समध्ये घातली नसती तर दुकानात 34 ला गेलीच असती. चूक ही की तो घाऊक भावाने मोजत होता आणि मी बनवायच्या खर्चाने. दोघांनी एकच नियम लावायला हवा होता. दोघंही बनवायच्या खर्चाने मोजा, मग वर दाखवलं तसे 15-15. किंवा दोघंही घाऊक भावाने मोजा, माझ्या वहीचा घाऊक भाव 21 आहे, मग खर्च 89, उरले 11, वाट्याला साडेपाच-साडेपाच, आणि आपापल्या मालातले धरून मला साडेबारा, त्याला साडेसतरा. हेही न्याय्यच आहे, कारण बॉक्समध्ये त्याचा माल जास्त किमतीचा होता. कुठलाही निवडा, पण माल ऑर्डर करण्याआधी एका शीटवर प्रत्येक ओळीचा आकडा लिहा आणि त्याच्यापुढे लिहा की हा आकडा बनवायचा खर्च आहे की विकायचा भाव. रिटर्न आलेला, फुटलेला आणि रिव्ह्यूसाठी फुकट दिलेला माल कुणाच्या खात्यात, हीसुद्धा ओळ हवी. हे काम एका संध्याकाळचं आहे, आणि त्या संध्याकाळी पार्टनर चिडला तर उलट बरंच, पुढे काय होणार ते स्वस्तात कळलं.

इथे माझं एक मत, पटलं तर घ्या. मला एका अनुभवी माणसाने सांगितलं होतं, विश्वास असेल तर कागद कशाला. असा सल्ला देणाऱ्याने तुमच्या तोट्यात वाटा उचललाय असं मी अजून पाहिलेलं नाही. नेटवरून उतरवलेला तयार करारही फार कामाचा नाही, त्यात गोपनीयतेवर दोन पानं असतात आणि उरलेल्या मालावर एक ओळही नसते.

आणि खरा फटका तिथेच बसला. 300 पैकी 210 विकले गेले, 90 उरले ते पार्टनरच्या गोडाऊनमध्ये. काही महिन्यांनी त्याने जुना माल काढायचा म्हणून सेल लावला, त्यात आमचा बॉक्स 40 टक्के सूट देऊन. त्याच्या ब्रँडला सेलची सवय आहे, त्याचे गिऱ्हाईक सेलचीच वाट बघतात. मी मात्र कधीच सूट देत नाही, आणि माझ्या वह्या ठेवणाऱ्या दोन दुकानदारांनी लगेच विचारलं की मग आम्हाला पूर्ण भाव का. ज्यांनी पूर्ण पैसे देऊन बॉक्स घेतला होता त्यांचे मेसेज वेगळेच. खरं तर सूट द्यायला हरकत नव्हती, पण सूट किती, कधीपासून, आणि दोघांची लेखी हो आल्याशिवाय नाही, हे ठरायला हवं होतं.

म्हणून पार्टनर निवडताना आता मी फॉलोअर बघतच नाही. वर्षातून किती वेळा सेल लावतो, कमी स्टारच्या रिव्ह्यूला काय उत्तर देतो, त्याच्याकडची साधारण एक ऑर्डर माझ्या ऑर्डरच्या आसपास आहे का, एवढं बघते. मग बॉक्स काढण्याआधी दोघांनी एकमेकांच्या वस्तूची फक्त एक पोस्ट टाकायची, वेगवेगळे कूपन कोड देऊन, आणि दोन आठवड्यांत किती जणांनी खरंच खरेदी केली ते मोजायचं. लाइक भरपूर आणि कोड वापरणारे तीन, तर तिथेच थांबा. गिऱ्हाइकांचे नंबर आणि ईमेल मात्र एकमेकांना देऊ नका, लोकांनी ते तुम्हाला दिलेत, पार्टनरला नाही.

पार्टनरचं नाव खराब झालं तर आपल्यालाही चिकटतं, हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. लेगोची शेल या तेल कंपनीसोबत अनेक वर्षांची भागीदारी होती, 2014 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने त्यावरून मोहीम चालवली आणि लेगोला करार पुढे वाढवणार नाही असं जाहीर करावं लागलं. खेळण्यात काही खोट नव्हती. आपल्या पातळीवर एवढं पुरे की असं काही झालं तर दुसऱ्याने किती दिवसांत आपला लोगो काढायचा हे करारात असावं, आणि लोगो वापरायची परवानगी फक्त या वस्तूपुरती, या तारखेपर्यंत.

एक गोष्ट राहिलीच, माल एकत्र ठेवून बघा. आमच्या काही बॉक्समध्ये उन्हात मेणबत्ती मऊ पडली, सुगंधी तेल झिरपलं आणि वहीच्या कव्हरवर डाग पडले. तक्रारी सगळ्या माझ्याकडे, कारण डाग वहीवर होता ना! आता पॅक केलेला बॉक्स तीन आठवडे गरम जागी ठेवते आणि दोन बॉक्स स्वतःलाच कुरिअर करते.

दुसरी कोलॅब 120 बॉक्सचीच केली, आणि दोन्ही लोगो वस्तूवर न छापता बॉक्सभोवतीच्या कागदी पट्टीवर छापले. 14 बॉक्स उरले. पट्ट्या फाडल्या, मी माझ्या वह्या घेतल्या, नव्या पार्टनरने तिचा माल घेतला, पट्ट्यांचा खर्च अर्धा-अर्धा, आणि यावेळी अर्धा म्हणजे नक्की किती ते दोघींना माहीत होतं.