दुकानाच्या नावाने शोधणारे गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीचे?

नथ, ठुशी, कोल्हापुरी साज असे इमिटेशनचे दागिने मी स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. पहिल्या वर्षातील एका महिन्याचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. गूगल सर्चच्या जाहिरातींवर २०,००० रुपये खर्चून १,६०,००० रुपयांची विक्री दिसत होती, म्हणजे रोआस, जाहिरातीच्या एका रुपयामागे येणारी विक्री, ८. इन्स्टाग्रामवर ४०,००० खर्चून १,२०,०००, म्हणजे ३. मी इन्स्टाग्रामच्या जाहिराती बंद करून ते पैसे सर्चकडे वळवले. दोन आठवडे काही बिघडले नाही, तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ऑर्डर आटू लागल्या आणि पुढच्या महिन्याची विक्री २,००,००० वरून १,२०,००० वर आली.

चूक आधीच्याच महिन्यात दिसायला हवी होती. दोन्ही डॅशबोर्डची बेरीज २,८०,००० होत होती आणि वेबसाइटवरची खरी विक्री २,००,००० होती. एखादी बाई इन्स्टाग्रामवर नथीच्या जाहिरातीवर क्लिक करते, चार दिवसांनी गूगलवर दुकानाचे नाव टाकून वरच्याच जाहिरातीतून येते आणि खरेदी करते. ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात धरण्याची इन्स्टाग्रामच्या मालक मेटाची नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवसांची आणि गूगलची ३० दिवसांची असल्यामुळे ती एकच ऑर्डर दोन्हीकडे पूर्ण रकमेने नोंदली जाते.

म्हणून सर्च टर्म्सचा अहवाल उघडा आणि दुकानाच्या नावाचे शोध वेगळे काढा. माझ्या बाबतीत नावाच्या शोधांवर ५,००० खर्च आणि १,३०,००० विक्री होती, तर ‘मोत्याची नथ’ यांसारख्या शोधांवर १५,००० खर्च आणि केवळ ३०,००० विक्री. म्हणजे नवे गिऱ्हाईक आणणाऱ्या सर्चचा रोआस २ होता आणि वळवलेले पैसे तिथेच गेले, कारण दुकानाचे नाव शोधणारे लोक बोली वाढवून वाढत नाहीत. ८ किंवा १० रोआसचे स्क्रीनशॉट दाखवून शिकवणाऱ्यांना ही फोड आधी मागा. ती न देणाऱ्याला फी देऊ नका, असे माझे ठाम मत आहे.

रोआस किती पुरेसा, हे तुमच्या मार्जिनवर ठरते. १,००० रुपयांच्या ऑर्डरमधून माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता ४५० उरत असतील, तर २.२ रोआसला ना नफा ना तोटा अशी बरोबरी होते. पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या दहांपैकी दोन ऑर्डर परत आल्या आणि प्रत्येकीमागे कुरिअरचे १५० गेले, तर ती ३ वर जाते. मार्केटप्लेसवर कमिशन वजा जाऊन २५० च उरत असतील, तर परतीचा माल न धरताही ४ लागतात, म्हणून तिथला ५ आणि इथला ५ शेजारी मांडू नका.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. वेबसाइटची एकूण विक्री भागिले एकूण जाहिरातखर्च, हा आकडा दर आठवड्याला वहीत लिहा. एखादे माध्यम बंद करायचेच असेल, तर सण नसताना चार आठवडे एकाच शहरात बंद करा आणि एरवी तितक्याच ऑर्डर देणाऱ्या दुसऱ्या शहराशी ताडून पाहा. शहरामागे महिन्याला दहा-पंधराच ऑर्डर येत असतील, तर दिसणारा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तेव्हा अनेक शहरांचे दोन गट करून ताडा.