आखातात नोकरी: एजंटची फी आणि बदललेला करार

भारत सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपयेच घेता येतात, आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून रोखीने लाखभर मागणारा माणूस पावती देत नाही, ही फसवणुकीची पहिली खूण. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा.

समजा, करारात गवंडीकाम आणि 1,500 रियाल पगार आहे, पण रियाधला उतरल्यावर मालक 1,000 रियालच्या हमालीचा अरबी कागद पुढे करतो. त्यावर सही करू नये, कारण पुढे तोच कागद मालकाचा पुरावा ठरतो. मूळ कराराची प्रत (मोबाइलमध्ये आणि घरच्यांकडेही ठेवलेली) घेऊन भारतीय दूतावासाकडे लेखी तक्रार करावी; घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर किंवा परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याकडे एजंटविरुद्ध तक्रार करता येते. करारात कामगाराच्या तोट्याचा मोठा बदल झाल्याचे दूतावासाने प्रमाणित केल्यास प्रवासी भारतीय विमा योजनेतून परतीचे विमानभाडेही मिळू शकते. मात्र पर्यटक व्हिसावर गेलेल्याकडे बहुधा ही पॉलिसीच नसते.