‘तू पिवळा आहेस’: रंगाच्या शिव्या मराठीत आणताना या चुका टाळा

इंग्रजी कथा मराठीत आणणाऱ्या पोरांचे खर्डे मी मंगळवार पेठेतल्या घरी तपासतो. एका खर्ड्यात अमेरिकेतल्या जुन्या गावठाणातलं भांडण होतं. दारूच्या गुत्त्यात एक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘यू आर यलो, अँड द होल टाऊन नोज इट.’ पोरानं लिहिलं होतं, ‘तू पिवळा आहेस आणि अख्ख्या गावाला ते माहीत आहे.’ त्यानं ते मोठ्यानं वाचलं, तशी आतून आमची आई म्हणाली, ‘हळद लागली व्हय रं त्येला?’

तिचं काय चुकलं? आपल्याकडं पिवळा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्यानं माखलेला. तिसरा कावीळ झालेला. यातला एकही भित्रा नाही. अमेरिकन इंग्रजीत मात्र एकोणिसाव्या शतकापासून ‘यलो’ म्हणजे भेकड. त्या गुत्त्यात हे बोलणारा समोरच्याचा रंग सांगत नव्हता, त्याला पिस्तूल काढायला डिवचत होता.

पोरानं दुरुस्ती म्हणून ‘तू पांढराफटक पडलास’ असं केलं. ही दुसरी चूक, आणि ती जास्त फसवी, कारण वाक्य मराठी वाटतं. पण पांढरंफटक पडणं ही घटकाभराची गोष्ट आहे. साप दिसला की शूर माणूसही पांढरा पडतो. ‘यलो’ हा स्वभावावरचा शिक्का आहे, म्हणून तिथं स्वभावाचाच शब्द हवा. ‘भेकड’ अर्थानं बरोबर, पण पुस्तकी. ‘भागूबाई’ चाळीतल्या चिडवण्यात शोभेल; त्यावर कोण पिस्तूल काढणार? मराठीत हा वार रंगावर होत नाही, तो छातीवर, दमावर, धमकेवर होतो. शेवटी आम्ही ठेवलं ते असं: ‘तुझ्यात धमक नाही, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.’ हेच वाक्य तालमीत कुणाला म्हणून बघा, लंगोट कसला जाईल. रंग गेला, पण डिवचणं राहिलं. तळटीप देऊन ‘पिवळा’ ठेवायचा मोह मात्र टाळा. शिवीला तळटीप लागली की ती शिवी राहत नाही.

मग प्रत्येक ‘यलो’ला ‘धमक नाही’ लावून मोकळं व्हायचं का? तेही नको. समोरचा माणूस चिनी किंवा जपानी असेल तर तोच शब्द कातडीच्या रंगावरून दिलेली वांशिक शिवी असू शकतो. तिथं ‘भित्रा’ लिहिलं तर बोलणाऱ्याचा द्वेष परस्पर धुऊन निघतो. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि त्याआधी कुणी माघार घेतलीय का, एवढं बघितलं की बहुतेक वेळा उलगडतं. इंग्लंडातल्या लिंकनशायरचे लोक तर स्वतःलाच ‘यलोबेली’, म्हणजे पिवळ्या पोटाचे, म्हणवून घेतात, आणि तेही अभिमानानं.

सगळ्यात वाईट फसगत पांढऱ्या पिसाची. ऑगस्ट 1914 मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झाल्या झाल्या, फोकस्टन या इंग्लिश गावात एका निवृत्त ॲडमिरलनं तीस बायकांना कामाला लावलं: गणवेशात नसलेला तरुण दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस द्यायचं. अर्थ एकच, तू भेकड आहेस. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस असलं की तो कच्च्या जातीचा, अशी तिकडची जुनी समजूत होती, त्यातून हे आलं. आता मराठीत ‘तिनं त्याच्या कोटाला पांढरं पीस खोवलं’ एवढंच लिहिलं, तर फेट्याला तुरा खोवणाऱ्या कोल्हापूरकराला वाटणार की पोराचा सत्कार झाला. इथं पीस बदलता येत नाही, कारण ते खरोखर घडलं आहे. म्हणून अर्थ कथेतच पेरायचा: ‘लढाईला न गेलेल्यांना द्यायचं ते पांढरं पीस तिनं त्याच्या कोटाला खोवलं.’ पाच शब्द वाढले तर वाढू द्या.

उलट्या दिशेनंही पाय घसरतो. आपला ‘हिरवट म्हातारा’ इंग्रजीत हिरवा नेला तर वाचकाला तो आजारी तरी वाटेल, नाही तर झाडं लावणारा. स्पॅनिशमध्ये मात्र चावट म्हाताऱ्याला हिरवाच म्हणतात, तिथं रंग बिनधास्त ठेवा. ‘पांढऱ्या पायाची’ ही आपली घाणेरडी शिवी तर रंगासकट कुठंच जात नाही. अपशकुनी, एवढंच उरतं.

आणि चिनी कथा इंग्रजीवरून मराठीत आणत असाल तर हिरव्या टोपीपाशी थांबा. नवऱ्यानं हिरवी टोपी घातली म्हणजे त्याची बायको दुसऱ्याकडं जाते. मराठीत ‘त्याला टोपी घातली’ लिहिलंत की वाचक समजणार, कुणीतरी त्याचे पैसे बुडवले.